प्रकल्प पत्राच्या सुरुवातीलाच मांडा

प्रश्न : कबड्डी संघात कनिष्ठ व्हिडिओ विश्लेषकपदासाठी अर्ज करतोय. पदवी आहे, अनुभव नाही. स्थानिक स्पर्धेतले चार सामने मोबाइलवर चित्रित करून चढाया नोंदवल्यात. पत्रात काय लिहू?

उत्तर : सुरुवात याच कामाने करा : ‘प्रत्येक चढाईची वेळ, चढाईपटू, मैदानातले बचावपटू आणि निकाल नोंदवला. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, निर्णायक चढाईत आमचा खेळाडू बहुतेकदा उजव्या कोपऱ्यात पकडला गेला.’ त्या चढायांची दोन मिनिटांची चित्रफीत जोडा. प्रशिक्षकाला पुरावा तिथेच दिसेल. मर्यादाही सांगा. कॅमेरा एकाच बाजूला होता, म्हणून पलीकडचा स्पर्श दिसला नाही तिथे ‘अस्पष्ट’ अशी नोंद ठेवा. चार सामन्यांवरून ठाम निष्कर्ष काढू नका. पाठवण्याआधी काही चढाया पुन्हा नोंदवा; नोंदी जुळल्या नाहीत, तर तुमच्या व्याख्या सैल आहेत.