हरवलेली बिले आणि दुकानाचा हिशेब

शिलाई दुकानात गिऱ्हाइकांच्या मापांची वही जपून ठेवली जाते. बिले मात्र कुठेतरी खोचून राहतात. हिशेब द्यायची वेळ आली की शोधाशोध सुरू होते. अशा वेळी हिशेबनिसाला काय लिहावे, यासाठी नमुन्यादाखल एका शिलाई दुकानदाराचे पत्र घेऊ.

"मा. हिशेबनीस साहेब, स. न. वि. वि.

1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या वर्षाची कागदपत्रे सोबत देत आहे. शिलाईची जमा 7 लाख रुपये असून त्यापैकी 3 लाख बँकेत व यूपीआयने आले, बाकी रोख. खर्च वजा जाता माझ्या वहीप्रमाणे नफा 2,90,000 रुपये आहे. पुढील कागद सापडत नाहीत.

1) अस्तर, कॅनव्हास, बटणे व रिळे यांची 25,000 रुपयांची बिले.

2) दोन कारागिरांना नगावर मजुरी देतो. जुलै-ऑगस्टची मजुरीवही पावसात भिजून गेली. रक्कम 36,000 रुपये. तसेच ईदपूर्वी, 29 मार्चला, एका कारागिराचा थकलेला 12,500 रुपयांचा हिशेब रोखीने चुकता केला. त्याची सही आहे.

3) 20 ऑक्टोबरला 18,000 रुपयांचे इंटरलॉक मशीन चेकने घेतले, त्याच दिवसापासून चालू आहे. बिल हरवले. वहीत सर्व रक्कम खर्चात लिहिली आहे.

यातील कोणता खर्च धरला जाईल? एक जण कमिशन घेऊन हवी तेवढी बिले देतो म्हणतो. ती घ्यावीत काय? कळावे.

आपला, एक शिलाई दुकानदार"

आता एकेक बाब पाहू. खर्च धंद्यासाठीच झाला हे दाखवण्याची जबाबदारी दुकानदाराची असते. बिल हा त्याचा उत्तम पुरावा आहे, पण एकमेव नाही.

अस्तर-बटणांसाठी प्रथम घाऊक व्यापाऱ्याकडे जावे. त्याच्या दुकानात बिलाची प्रत किंवा आपल्या नावाचा खातेउतारा मिळू शकतो. समजा 16,000 रुपयांच्या प्रती मिळाल्या. उरलेल्या 9,000 ची ना चिठ्ठी, ना बँकेतील नोंद. तेव्हा ती रक्कम सोडून देणे बरे.

मजुरीसाठी ऑर्डरवही कामाला येते. त्या दोन महिन्यांत 300 शर्ट 70 रुपये दराने व 150 पँट 100 रुपये दराने शिवून घेतल्या असतील तर 21,000 आणि 15,000, म्हणजे 36,000 चा मेळ बसतो. कारागिरांकडून पैसे मिळाल्याचे लिहून घ्यावे, पण त्यावर आजची तारीख घालावी. मागची तारीख घातली की खरा कागदही खोटा ठरतो.

ईदच्या 12,500 चे मात्र सही असूनही जमत नाही. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर, नियमातील थोडे अपवाद वगळता, तो खर्च धरत नाहीत. वरचे 2,500 नव्हे, सगळे 12,500 जातात. हीच रक्कम चेकने दिली असती तर प्रश्न आला नसता.

मशीन अनेक वर्षे चालते, म्हणून त्याची किंमत एकदम खर्चात जात नाही, घसारा मिळतो. दर 15 टक्के. पण त्या वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी असल्याने निम्मा, म्हणजे 1,350 रुपये. चेकची नोंद बँकेत आहेच, बिलाची प्रत विक्रेत्याकडून घ्यावी.

आता बेरीज करू. 2,90,000 मध्ये मशीनचे 18,000, ईदचे 12,500 आणि पुराव्याविना राहिलेले 9,000 मिळवले व घसारा 1,350 वजा केला, की उत्पन्न 3,28,150 रुपये येते. दुसरे उत्पन्न नसेल तर 2024-25 साठी नव्या कर पद्धतीत 7 लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य. उत्पन्न 3 लाखांवर असल्याने विवरणपत्र मात्र भरावेच लागते.

म्हणजे विकतची बिले घेऊन एक रुपयाही वाचला नसता. उलट खोट्या नोंदीबद्दल त्या रकमेइतका दंड करण्याची तरतूद 2020 पासून कायद्यात आली आहे.

छोट्या धंद्याला अंदाजी नफ्याचाही मार्ग आहे. त्यात बँकेतून आलेल्या जमेवर 6 टक्के व रोखीवर 8 टक्के, म्हणजे येथे किमान 50,000 नफा धरतात आणि खर्च वेगळा मागता येत नाही. पण ज्याचा खरा नफा तीन लाखांच्या घरात आहे त्याने 50,000 लिहू नयेत. खरा आकडाच लिहावा. उद्या मशीनसाठी बँकेकडे कर्ज मागायला गेल्यावर हेच विवरणपत्र पुढे ठेवावे लागते.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून हिशेबनिसाला पत्र लिहिताना वर्ष स्पष्ट लिहावे, आणि वरच्याप्रमाणे प्रत्येक हरवलेल्या बिलाची तारीख, रक्कम व पैसे कसे दिले ते सांगावे.