नानखटाईला १८०, पण कुठले?

बाळे, अमेरिकेत गेलीस, घरात मोठा ओव्हन मिळाला आणि तुला नानखटाईची आठवण झाली, हे फार बरं झालं. पुण्याच्या काकूने कृती पाठवली आहे, त्यात लिहिलंय, ‘१८० वर वीस मिनिटं’. पीठ मळण्याआधी एवढं वाच.

१. एकटा आलेला आकडा आत घ्यायचा नाही, आधी त्याचं आडनाव विचारायचं – काकूचे १८० सेल्सिअसचे आहेत, तुझ्या ओव्हनचे फॅरनहाइटचे, आणि फॅरनहाइटचे १८० म्हणजे जेमतेम ८२ सेल्सिअस. तेवढ्यावर पाणीसुद्धा उकळत नाही.

२. ओव्हन तक्रार करेल या भरवशावर राहू नकोस – तिकडचे बरेच ओव्हन १७० फॅरनहाइटपासून सुरू होतात, त्यामुळे १८० तो मुकाट्याने मान्य करतो, वर तापल्याची शिट्टीही देतो. उलट तुझी अमेरिकन मैत्रीण काकूला ‘३५०’ म्हणाली तर काकू लगेच थबकेल, कारण तिच्या ओटीजीचं बटण २५० च्या पुढे फिरतच नाही.

३. म्हणून ओव्हनवरचा सगळ्यात मोठा आकडा एकदा बघून ठेव – २५० ला संपत असेल तर सेल्सिअस, ५०० किंवा ५५० ला संपत असेल तर फॅरनहाइट. पडद्याच्या ओव्हनमध्ये एकक बदलण्याची सोयही असते, तेव्हा भाड्याच्या घरात आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय तेही तपासून घे.

४. हिशेब असा कर: दुप्पट, त्यातून दहावा हिस्सा वजा, मग ३२ मिळव. १८० चे ३६०, त्यातून ३६ गेले की ३२४, आणि ३२ मिळवले की ३५६. तू सरळ ३५० लाव – सहा अंशांनी नानखटाईचं काही बिघडत नाही. हवामानासाठी लोक ‘दुप्पट अधिक तीस’ करतात ते इथे नको, त्याने ३९० येतात आणि खालची बाजू करपते.

५. ट्रे आत गेल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं काचेतून लक्ष ठेव – चुकीचे १८० असतील तर तूप आधी वितळतं, मैद्याला धरायला वेळच मिळत नाही, आणि गोळे पसरून एकमेकांना चिकटतात. वर भेगा नाहीत, रंग नाही, तूप भाजल्याचा वास नाही, नुसती तेलकट चकाकी. भाजल्याचा रंग यायला पृष्ठभाग सेल्सिअसच्या १४० च्या आसपास जावा लागतो, तिथवर तो पोचतच नाही.

६. असं दिसलं तर आत ठेवून आकडा वाढवत बसू नकोस, ट्रे बाहेर काढ – पसरलेली नानखटाई पुन्हा उभी राहत नाही. पीठ गोळा करून फ्रिजमध्ये घट्ट होऊ दे, ओव्हन ३५० ला पुरता तापव, मग नव्याने वळ. पोत थोडा कमी खुसखुशीत येईल, पण तूप-साखर वाया जाणार नाही. केकच्या घोळाला मात्र ही सवलत नाही, त्यातली हवा तोवर निघून गेलेली असते.

७. १५० ते २५० मधला आकडा दिसला की हमखास विचार – या पट्ट्यात दोन्ही एककांच्या कृती खऱ्या असतात. अंड्याच्या पांढऱ्याची मेरिंग अमेरिकन पुस्तकात २२५ वर हळूहळू वाळवतात, म्हणजे १०७ सेल्सिअस. तोच आकडा काकूच्या ओटीजीवर लावला तर साखर काळी पडायला वेळ लागत नाही. वितळलेल्या तुपाला गणित कळत नाही, जळलेल्या साखरेलाही नाही.

८. कुणीच सांगायला नसेल तर पदार्थालाच विचार – पावाच्या कृतीत ‘पाणी ११० वर’ असेल तर ते फॅरनहाइटच, कारण उघड्या भांड्यातलं पाणी सेल्सिअसच्या शंभरापुढे जात नाही. ते ४३ सेल्सिअस, बोटाला सुखावह कोमट, यीस्टला मानवणारं. कोंबडीच्या आतल्या भागाचा आकडा ७४ असेल तर तो सेल्सिअस, १६५ असेल तर फॅरनहाइट. ७४ ला फॅरनहाइट समजलीस तर ती कच्चीच ताटात येईल, म्हणून इथे अंदाज अजिबात नको.

९. आणि तू कुणाला कृती पाठवशील तेव्हा दोन्ही आकडे लिही, ‘१८० सेल्सिअस, ३५० फॅरनहाइट’ – तुझी कृती पुढे कुणाच्या स्वयंपाकघरात जाईल हे तुला ठाऊक नसतं. काकूच्या वहीत मी आजच पेन्सिलीने ‘से.’ लिहून टाकलं आहे. तू तुझ्या वहीत ‘फॅ.’ लिही आणि मग मळायला घे.