टेबलावर लागतं तेवढं इंग्रजी

हॉटेल लाइनला जायचं म्हणणाऱ्या मुलाचे आईवडील बहुतेक दोन काळज्या घेऊन येतात. पहिली, ‘वेटर म्हणून राबावं लागेल का?’ तर हो, सुरुवातीला लागेल. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेणाऱ्यालाही ट्रेनिंगच्या काळात ट्रे उचलावाच लागतो, आणि स्टुअर्ड, कॅप्टन, मॅनेजर हा जिना तिथूनच वर जातो. दुसरी काळजी जास्त खोल असते: ‘आमचा मराठी माध्यमातला, त्याला इंग्रजी कुठे बोलता येतं?’ मग मुलाला एखाद्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घातलं जातं. तिथे तो बारा काळ पाठ करतो आणि स्वतःची ओळख करून द्यायला शिकतो. पण पाहुण्याला वेटरची ओळख नको असते. त्याला साधं पाणी हवं की बाटलीचं, एवढंच ठरवायचं असतं.

वेटरच्या इंग्रजीची एक मोठी सोय आहे: संभाषणाचा क्रम ठरलेला असतो. स्वागत, बसवणं, पाणी, मेनू, ऑर्डर, ती वाचून दाखवणं, जेवण सुरू झाल्यावर एकदा विचारपूस, ताटं उचलणं, बिल. प्रत्येक टप्प्याला दोन-तीन वाक्यं पुरतात. ‘गुड इव्हनिंग सर, टेबल फॉर हाऊ मेनी?’, ‘रेग्युलर वॉटर ऑर बॉटल्ड?’, ‘मे आय टेक युवर ऑर्डर?’, ‘इज एव्हरीथिंग ऑल राइट?’, ‘मे आय क्लिअर द टेबल?’ ही वाक्यं व्याकरण न सोडवता, गाण्याच्या ओळीसारखी अख्खी तोंडात बसवायची. नवशिका मुलगा मराठीतून जुळवायला गेला की ‘व्हॉट यू वाँट?’ असं बोलून जातो. त्याच्या मनात आदरच असतो, पण ऐकणाऱ्याला ते दरडावल्यासारखं वाटतं. ‘व्हॉट वुड यू लाइक?’ अख्खं पाठ असेल तर ही चूक होतच नाही.

बोलण्यापेक्षा ऐकणं अवघड आहे, आणि क्लासात तेच शिकवत नाहीत. छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण घेऊ. वेरूळ-अजिंठ्यामुळे तिथल्या हॉटेलात एकाच संध्याकाळी परदेशी पाहुणे आणि चेन्नईचं कुटुंब शेजारच्या टेबलांवर असू शकतं. चेन्नईच्या पाहुण्यांना हिंदी येईलच असं नाही, म्हणजे तिथेही इंग्रजीच कामाला येतं. दोघांचे उच्चार वेगळे, आणि गोऱ्या पाहुण्यांमध्येही इंग्रजी सगळ्यांची मातृभाषा नसते. समजलं नाही तर मान डोलावून निघून जाऊ नये. ‘सॉरी मॅडम, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ म्हणावं आणि मेनू पुढे धरावा. पाहुणा पदार्थावर बोट ठेवतो. संख्या ऐकताना ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’त घोळ होतो, तेव्हा ‘वन-फाइव्ह?’ असं आकडे सुटे करून विचारावं.

आता एक टेबल जवळून पाहू. परदेशी पाहुणी मेनूवर भरली वांगी दाखवून विचारते, ‘व्हॉट इज धिस?’ आपला मुलगा सांगतो, ‘ब्रिंजल, मॅडम.’ तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, कारण ब्रिंजल हा भारतातल्या इंग्रजीतला शब्द. अमेरिकन माणूस वांग्याला ‘एगप्लांट’ म्हणतो आणि ब्रिटिश ‘ओबर्जिन’. तसंच भेंडीला ‘ओक्रा’ आणि दह्याला ‘योगर्ट’ म्हटलं की लगेच कळतं. मेनूतल्या प्रत्येक पदार्थासाठी एक वाक्य तयार हवं: त्यात काय आहे आणि तो किती तिखट आहे. ‘स्मॉल एगप्लांट्स, स्टफ्ड विथ पीनट अँड कोकोनट मसाला, मीडियम स्पायसी.’

ती पुढे विचारते, ‘एनी नट्स? आय हॅव अ‍ॅन अ‍ॅलर्जी.’ हा प्रश्न जिवावर बेतणारा आहे, म्हणून इथे थांबतो. मुलाच्या डोक्यात नट्स म्हणजे काजू-बदाम. ते भरल्या वांग्यात नाहीत, म्हणून तो खात्रीने सांगतो, ‘नो नट्स, मॅडम.’ आणि वांग्यात शेंगदाण्याचा कूट ठासून भरलेला असतो! आपल्याकडे कूट उसळीत असतो, कोशिंबिरीत असतो, साबुदाण्याच्या खिचडीत असतो, आणि फोडणीही कधी शेंगतेलाची असते. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचा घसा थोड्याशा कुटानेही सुजू शकतो, श्वास अडकू शकतो. म्हणून ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द कानावर पडला की अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. ‘पीनट्स, मॅडम? प्लीज वेट, आय विल चेक विथ द शेफ.’ मग किचनमध्ये जाऊन विचारायचं, केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ठळक लिहायचं, आणि परत येऊन पूर्ण वाक्यात सांगायचं: ‘धिस हॅज पीनट्स. धिस वन हॅज नो पीनट्स.’ कढई आणि डाव वेगळे ठेवता येणार नसतील तर तेही सांगायचं. हे एक वाक्य ज्याला न अडखळता येतं, त्याला मी फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा वर धरीन.

पूर्ण वाक्याचा आग्रह आणखी एका कारणाने. पाहुणा विचारतो, ‘यू डोन्ट हॅव फिश?’ मराठी मनाला त्याचं बोलणं बरोबर वाटतं, म्हणून उत्तर येतं, ‘येस सर.’ पाहुणा समजतो की मासे आहेत, आणि वाट पाहत बसतो. त्यात आपली मान अशी हलते की हो की नाही, परक्याला उमगत नाही. ‘सॉरी सर, वी डोन्ट हॅव फिश टुडे’ म्हटलं की प्रश्न मिटला. ऑर्डर संपल्यावर ‘लेट मी रिपीट युवर ऑर्डर’ म्हणून सगळं वाचून दाखवलं, तर उरलेल्या चुका तिथेच पकडल्या जातात.

पालकांनी क्लास निवडताना फी विचारण्याआधी एक तास मागे बसून पाहावं. मुलं किती बोलतात? कुणी पाहुणा होऊन ऑर्डर बदलतो का, मुद्दाम पुटपुटतो का, जेवण गार आहे म्हणून चिडतो का? नुसती वही भरत असेल तर मुलगा खऱ्या टेबलाशी गप्प होईल. चांगल्या हॉटेलात सर्व्हिसच्या आधी ब्रीफिंग असतं, आज काय आहे आणि काय संपलंय ते कॅप्टन सांगतो. त्यातली पाच मिनिटं अशा सरावाला दिली तर क्लासची गरजही कमी होते. घरी बहिणीला पाहुणी करून मेनूकार्ड घेऊन बसलं तरी चालतं.

रीतसर शिकायचं असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये ‘हुनर से रोजगार तक’ या नावाने फूड अँड बेव्हरेज सर्व्हिसचे छोटे अभ्यासक्रम सुरू केले होते. असे अभ्यासक्रम सध्या कुठे चालू आहेत, ते जवळच्या सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत विचारा. केंद्रीय संस्थांमधल्या पदवीसाठी एनसीएचएम जेईई द्यावी लागते. मुंबईत दादरला आणि गोव्यात पर्वरीला अशा संस्था आहेत.

मेनूबाहेरचे दोन-चार प्रश्नही तयार ठेवावेत. वॉशरूम कुठे, वायफायचा पासवर्ड काय, कार्ड चालतं का. आणि संभाजीनगरात सोमवारी रात्री बिल देताना पाहुणा हमखास उद्याचा बेत सांगतो. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. ‘सर, एलोरा इज क्लोज्ड ऑन ट्यूजडे. अजंता इज ओपन.’ टॅक्सी ठरण्याआधी हे सांगणारा मुलगा कॅप्टनच्याही लक्षात राहतो.