अठ्ठावीस बिलं आणि चोवीस रुपये

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत २८ फ्लॅट आहेत. दर महिन्याची मेंटेनन्सची बिलं काढणारी स्क्रिप्ट मी २०१२ साली लिहिली, तेव्हा खजिनदार मीच होतो. ती पायथन २.७ मधली. पायथन दोनची देखभाल १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे थांबली, पण ऑफिसातला जुना कॉम्प्युटर चालत होता, म्हणून आम्हीही चालवत राहिलो. यंदा त्याच्या हार्ड डिस्कने कुरकुर सुरू केली आणि नव्या लॅपटॉपवर पायथन तीन आलं. जेमतेम तीनशे ओळींच्या त्या स्क्रिप्टने माझ्या चार संध्याकाळी घेतल्या. त्यातून हाती लागलं ते असं.

१. जुनं यंत्र बंद पडण्याआधी जुनी उत्तरं काढून ठेवावीत.

कोडला हात लावायच्या आधी मी जुन्या कॉम्प्युटरवर मागच्या तीन महिन्यांची बिलं पुन्हा काढली आणि त्या फायली, त्यांच्या मूळ सीएसव्हीसकट, पेन ड्राइव्हवर घेतल्या. नंतर प्रत्येक बदलानंतर नव्या स्क्रिप्टची फाइल जुनीशी ताडून पाहायची:

```
fc bill_old.txt bill_new.txt
```

पुढचं जवळजवळ सगळं या एका ओळीमुळे सापडलं.

२. `print` चा कंस सोपा, पण दोन जागा फसवतात.

पायथन तीनमध्ये `print` हे फंक्शन आहे, म्हणून कंस लागतो. कंस नसला तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही आणि कुठली ओळ चुकली तेही समजतं. हे काम करणारं `2to3` नावाचं साधन पूर्वी पायथनबरोबरच यायचं, ३.१३ पासून ते काढून टाकलं आहे. माझ्याकडे चाळीसेक जागा होत्या, मी हातानेच केल्या.

पहिली फसवी जागा म्हणजे नुसतं `print`, कोरी ओळ सोडण्यासाठी लिहिलेलं. पायथन तीनमध्ये ते फंक्शनचं नाव घेतं आणि पुढे जातं. चूक दाखवत नाही, ओळही सोडत नाही. माझी सगळी बिलं एकमेकांना चिकटून आली तेव्हा हे लक्षात आलं. तिथे `print()` हवं.

दुसरी जागा फाइलमध्ये लिहिण्याची:

```
print >>f, "Smaranpatra"         # जुनं
print("Smaranpatra", file=f)     # नवं
```

जुनी ओळ पायथन तीनच्या व्याकरणात बसते, त्यामुळे स्क्रिप्ट सुरू होताना तक्रार येत नाही. ती ओळ प्रत्यक्ष चालते तेव्हाच `TypeError` येतो. माझ्याकडे ती तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असलेल्यांच्या स्मरणपत्रात होती. पहिल्या दोन महिन्यांच्या चाचणीत असं कुणी नव्हतंच, त्यामुळे सगळं सुरळीत दिसलं. तिसऱ्या महिन्यावर स्क्रिप्ट मध्येच थांबली.

३. भागाकार आधी जसा होता तसाच ठेवावा; सुधारणा नंतर.

महिन्याचा सामायिक खर्च, म्हणजे वॉचमन, सफाई, लिफ्ट वगैरे, सगळ्या फ्लॅटमध्ये सारखा वाटला जातो. एका महिन्यात तो ६१,४०० रुपये होता.

```
vata = 61400 / 28
```

पायथन दोनमध्ये दोन पूर्णांकांचा असा भागाकार पूर्णांकच देतो: २१९२. पायथन तीनमध्ये २१९२.८५७१४२८५७१४२७ येतं. बिलावर एवढी लांबलचक रक्कम पाहून मी पायथन तीनवर चिडलो होतो. मग २१९२ ला २८ ने गुणून पाहिलं. ६१,३७६ आले. म्हणजे त्या महिन्यात सोसायटीने २४ रुपये कमी वसूल केले होते, आणि थोड्याफार फरकाने हे दर महिन्याला होत आलं होतं. हिशेबात ते ‘राउंड ऑफ’ खाली जात असल्याने मला कधी खटकलं नव्हतं. चूक माझ्या स्क्रिप्टची होती, आणि नव्या पायथनने ती उघड केली.

तरीही त्या दिवशी मी `/` च्या जागी `//` लिहिलं, म्हणजे जुनंच उत्तर ठेवलं. कारण भाषा बदलणं आणि वाटणीचा नियम बदलणं एकदम केलं असतं, तर ताडताना दिसणारा फरक कशामुळे आला हे सांगता आलं नसतं.

व्याजाने मात्र खरी परीक्षा घेतली. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावता येतं, आणि आमच्याकडे तोच दर आहे.

```
vyaj = baki * 21 / 100 * divas / 365
```

एका सभासदाची बाकी ४,४०४ रुपये, दिवस ३०. पायथन दोन शंभराने भागल्यावरच ९२४.८४ चे ९२४ करतो, आणि शेवटी ७५ रुपये देतो. पायथन तीनमध्ये मधले पैसे टिकतात आणि उत्तर ७६.०१ येतं. बिलात व्याजाची रक्कम `%d` ने छापली जाते, ते अपूर्णांक गाळतं. म्हणून चार थकबाकीदारांपैकी तिघांची रक्कम जुनीच दिसली आणि एकाचीच रुपयाने वाढली. नुसत्या नजरेने हे सुटलं असतं. इथे जुनं उत्तर हवं तर दोन्ही भागाकार `//` करावे लागतात, एक करून भागत नाही.

जुनं पायथन हाताशी असेल, तर `python -3` असा पर्याय देऊन स्क्रिप्ट चालवावी. पूर्णांकांचा असा भागाकार जिथे घडतो तिथे ते `classic int division` असा इशारा देतं. पण तोही चालवलेल्या ओळींपुरताच.

४. मराठी नावांची फाइल उघडताना एन्कोडिंग लिहावंच.

यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली, आणि मराठी नावं असलेल्या प्रत्येकाची जाईल असं वाटतं.

सभासदांची नावं यूटीएफ-८ मध्ये साठवलेली आहेत. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, तीन बाइट घेतं. पायथन दोनला अक्षरांचं काही पडलं नव्हतं. बाइट घ्यायचे, तेच पुढे लिहायचे. पायथन तीन फाइल उघडताना बाइटांची अक्षरं करतो, आणि एन्कोडिंग सांगितलं नाही तर माझ्या विंडोजवर `cp1252` धरतो.

आधी मी पाटील, सावंत, भोईर अशा तीन नावांची छोटी फाइल चालवली. स्क्रिप्ट थांबली नाही. पडद्यावर पाटीलचं `à¤ªà¤¾à¤Ÿà¥€à¤²` झालं होतं, पण लिहिलेली फाइल नोटपॅडमध्ये ठीक दिसली, कारण चुकीने वाचलेलं त्याच चुकीने परत लिहिलं गेलं. मी निश्चिंत झालो. पूर्ण यादी दिली आणि म्हात्रे आडनावावर ती कोसळली:

```
'charmap' codec can't decode byte 0x8d
```

हलन्ताचे तीन बाइट `E0 A5 8D`. त्यातल्या `8D` ला `cp1252` मध्ये अक्षरच नेमलेलं नाही. पहिल्या उकाराच्या `81` चंही तेच. म्हणजे जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार आला की स्क्रिप्ट थांबते, आणि दोन्ही नसले तर नाव बहुधा मुकाट्याने बिघडतं. चाचणीला जोडाक्षराचं नाव घ्यायलाच हवं होतं.

```
f = open("sabhasad.csv", encoding="utf-8-sig", newline="")
```

`-sig` यासाठी, की एक्सेल कधीकधी फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं. ती असली तर गाळली जाते, नसली तरी बिघडत नाही. लिहिताना मात्र साधं `utf-8` ठेवलं. सीएसव्हीसाठी पूर्वी लिहिलेले `rb` आणि `wb` काढावे लागतात, नाहीतर `csv` बाइट नकोत म्हणून अडून बसतं.

५. रुंदी मोजणारी ओळ शोधावी.

नावापुढे रक्कम एका रेषेत यावी म्हणून मी `naav.ljust(45)` लिहिलं होतं. पायथन दोन ‘पाटील’ची लांबी १५ मोजायचा, तीन ५ मोजतो. त्यामुळे रकमेचा रकाना प्रत्येक ओळीत वेगवेगळा उजवीकडे सरकला. ४५ चा आकडा बदलूनही रेष जुळेना, कारण वेलांटी-मात्रा मोजल्या जातात पण वेगळी जागा घेत नाहीत. शेवटी मी रक्कम आधी आणि नाव शेवटी छापलं.

यानंतर व्यवस्थापन समितीला २४ रुपयांचा हिशेब दाखवला. वाटा वरच्या रुपयात पूर्ण करायचं ठरलं. `//` नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो, ऋण संख्येतही, म्हणून ओळ अशी झाली:

```
vata = -(-kharch // flat)
```

त्याच ६१,४०० वर आता २,१९३ येतात. २८ बिलांचे ६१,४०४, म्हणजे चार रुपये जास्त. ते पुढच्या महिन्याच्या खर्चातून वजा होतात.