पुसलेल्या अक्षरांमागील पार्श्वभूमी
रंगसंक्रमण आणि नॉइज यांच्या साहाय्याने तिची पुनर्रचना

एखाद्या शाळेने गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी भित्तिपत्रक तयार केले होते. वर गडद निळा रंग आणि खाली उतरत गेलेली फिकट निळी छटा, अशी त्याची साधी पार्श्वभूमी होती. यंदा तेच पत्रक वापरावयाचे आहे. परंतु मध्यभागी छापलेला गतवर्षीचा विषय आणि वेळ काढून टाकणे आवश्यक आहे. मूळ फाइल हरवली असून केवळ तयार चित्र हाती उरले आहे. अक्षरे पुसणे सोपे असते. अवघड असते ती त्यांच्या जागी पूर्वीसारखी पार्श्वभूमी भरण्याची क्रिया. शेजारच्या भागातील रंग उचलून तेथे लावल्यास ठिगळ दिसते, कारण या पार्श्वभूमीत कोणत्याही दोन उंचींवरील रंग सारखा नसतो. ही पार्श्वभूमी नव्याने कशी रचावी आणि त्यात थोडा रवाळपणा का मिसळावा, याचा विचार येथे केला आहे. उदाहरणासाठी जिंप ही विनामूल्य मिळणारी संगणक-प्रणाली घेतली आहे.

रंग पायऱ्यांनी उतरतो

एका रंगातून दुसऱ्या रंगात होणाऱ्या क्रमिक बदलास रंगसंक्रमण किंवा ग्रेडियंट म्हणतात. डोळ्यांना तो अखंड भासतो. प्रत्यक्षात मात्र तसे नसते. सामान्य चित्रात तांबडा, हिरवा आणि निळा या तीन घटकांपैकी प्रत्येकाची मात्रा ० ते २५५ या पूर्णांकांतच लिहिली जाते. आपल्या पत्रकाची उंची १६०० चित्रबिंदू आहे असे समजू. अगदी वरच्या ओळीत तीन घटकांच्या मात्रा अनुक्रमे २८, ६२, ११० आणि अगदी खालच्या ओळीत ६०, १०२, १५८ आहेत. म्हणजे १६०० ओळींच्या प्रवासात तांबड्या घटकास केवळ ३२ पायऱ्या उपलब्ध आहेत. त्याची प्रत्येक पायरी ५० ओळींची, हिरव्याची ४० ओळींची आणि निळ्याची सुमारे ३३ ओळींची होते.

एका पायरीचा फरक अत्यल्प असतो; तरीही रुंद पट्ट्यांच्या सीमा डोळ्यांना जाणवतात. अशा सीमांजवळ दृष्टी उजेडातील फरक प्रत्यक्षाहून अधिक तीव्र करून पाहते. ऑस्ट्रियन पदार्थविज्ञानवेत्ता एर्न्स्ट माख याने १८६५ साली या घटनेचे वर्णन केले; म्हणून अशा आभासी पट्ट्यांना माख-पट्टे असे नाव पडले. संगणकाने गणिताने अचूक भरलेले संक्रमण पुष्कळदा जिन्यासारखे दिसते, त्याचे कारण हेच होय.

रवाळपणा पायऱ्या कशा मोडतो

एखाद्या ओळीत तांबड्या घटकाची खरी मात्रा ४०.३ असावयास हवी, असे समजा. पूर्णांकाचे बंधन असल्यामुळे त्या ओळीतील प्रत्येक बिंदूस ४० हीच मात्रा मिळते आणि ०.३ हा अंश नाहीसा होतो. आता पूर्णांक करण्यापूर्वी प्रत्येक बिंदूच्या मात्रेत अर्ध्या पायरीपर्यंतची अनियमित वाढ किंवा घट केली, तर दर दहा बिंदूंपैकी सुमारे सात बिंदू ४० वर आणि तीन ४१ वर स्थिरावतील. दुरून पाहणारा डोळा त्यांची सरासरी घेतो, आणि ती सरासरी ४०.३ हीच असते. हरवलेला अंश अशा रीतीने परत मिळतो. पायरीची सरळ सीमा विखुरली गेल्याने पट्टाही दिसेनासा होतो. लॉरेन्स रॉबर्ट्स या अमेरिकन अभियंत्याने १९६२ साली चित्रप्रेषणासंबंधीच्या आपल्या निबंधात याच तत्त्वाचा उपयोग करून दाखविला होता.

या विवेचनातून एक व्यावहारिक नियम निघतो. नॉइज पूर्णांक करण्यापूर्वी मिसळला पाहिजे. पूर्णांक झाल्यानंतर मिसळलेला नॉइज हरवलेला अंश परत आणीत नाही. तो पायरीवर केवळ पांघरूण घालतो आणि त्यासाठी त्याचे प्रमाणही अधिक लागते.

आधी मोजमाप

काम आरंभ करण्यापूर्वी संक्रमणाची दिशा आणि चाल निश्चित करावी. Color Picker हे साधन घेऊन त्यात Sample average हा पर्याय निवडावा, म्हणजे एकाच बिंदूऐवजी आसपासच्या बिंदूंची सरासरी मिळते. एकाच उंचीवर डावीकडे व उजवीकडे रंग मोजावा. दोन्ही वाचने सारखी आली, तर संक्रमण सरळ वरून खाली जाते. नंतर मधल्या उंचीवर, म्हणजे ८०० व्या ओळीजवळच्या मोकळ्या कडेला रंग मोजावा. दोन टोकांची सरासरी ४४, ८२, १३४ अशी येते. वाचनही तेवढेच आले तर संक्रमणाची चाल एकसारखी आहे. ते बरेच वेगळे आले, तर दोन रंगांचे सरळ संक्रमण जुळणार नाही, हे आधीच कळते.

दुसरे मोजमाप मूळ रवाळपणाचे. अक्षरांच्या वर, ५०० व्या ओळीजवळ, सहा ओळी उंचीची आडवी पट्टी निवडावी आणि Histogram या चौकटीत Green घटकाचे Std dev पाहावे. पट्टी आडवी व अरुंद घेण्याचे कारण असे, की सहा ओळींत हिरव्या घटकाचे संक्रमण पायरीच्या सातव्या हिश्श्याइतकेच होते. म्हणून मिळणारा आकडा मुख्यतः रवाळपणाचाच असतो. आपल्या पत्रकात तो १.१ आला असे धरू.

प्रत्यक्ष कृती

अक्षरे ६४० ते ९६० या ओळींच्या दरम्यान आहेत. जेपेग पद्धतीने साठविलेल्या चित्रात अक्षरांच्या कडेला अस्पष्ट डाग उमटतात. ही पद्धत चित्राचे ८ बिंदूंच्या चौकोनांत, आणि रंगाच्या बाबतीत बहुधा १६ बिंदूंच्या चौकोनांत, तुकडे करते. म्हणून अक्षरांपासून किमान तेवढे अंतर सोडावे. येथे ६०० आणि १००० या दोन स्वच्छ ओळी आधार म्हणून घेऊ. तेथील रंग ४०, ७७, १२८ आणि ४८, ८७, १४० असे आहेत.

प्रथम Image सूचीतील Precision मधून 16-bit integer निवडावे. त्यामुळे मधले अपूर्णांक तूर्त टिकून राहतात. मूळ थराला स्पर्श न करता त्यावर नवा पारदर्शक थर घ्यावा. Rectangle Select ने ६१० ते ९९० या ओळींमधील, अक्षरांच्या दोन्ही बाजूंस थोडा अधिक रुंद असा आयत निवडावा. Feather edges हा पर्याय चालू करून त्रिज्या ८ ठेवावी, म्हणजे आयताची कड विरळ होते. पहिल्या आधार-ओळीचा रंग अग्ररंग म्हणून आणि दुसरीचा रंग पृष्ठरंग म्हणून ठेवावा.

यानंतर Gradient हे साधन घेऊन FG to BG (RGB) हे संक्रमण व Linear हा आकार निवडावा. ६०० व्या ओळीपासून १००० व्या ओळीपर्यंत सरळ उभी रेघ ओढावी. रेघेची दोन्ही टोके निवडलेल्या आयताबाहेर पडतात, याची काळजी करू नये. रंग आयताच्या आतच भरला जातो. उलट टोके आयताच्या कडेवर आणली, तर रंग चुकीच्या उंचीवर बसतात आणि वरखाली दोन्हीकडे जोड दिसू लागतो. नवशिक्यांच्या हातून बहुधा हीच चूक होते.

आता निवड रद्द करावी आणि Filters सूचीतील Noise मधून RGB Noise उघडावे. तेथे Linear RGB हा पर्याय बंद करावा. अन्यथा गडद भागात रवाळपणा अधिक उठून दिसतो. तांबडा, हिरवा व निळा यांचे आकडे आधीच ०.२० असे ठेवलेले असतात. ते या कामासाठी फारच मोठे आहेत. ०.०१ पासून आरंभ करावा आणि Alpha शून्य ठेवावा.

प्रमाण जुळविण्यासाठी चित्र पीएनजी स्वरूपात 8bpc RGB हा पर्याय देऊन निर्यात करावे. ते पुन्हा उघडून दुरुस्त भागात तशीच सहा ओळींची पट्टी मोजावी. आकडा मूळच्या निम्मा आला, तर नॉइज मागे घेऊन साधारण दुप्पट प्रमाणात पुन्हा द्यावा. वाचन १.१ च्या आसपास आले, की काम संपले. रवाळपणा मुळाइतकाच हवा. त्याहून कमी असल्यास ठिगळ प्लास्टिकसारखे गुळगुळीत दिसते, अधिक असल्यास खरखरीत दिसते.

परीक्षा आणि मर्यादा

डोळ्यांवर विसंबून राहू नये. निर्यात केलेल्या चित्राच्या प्रतीवर Colors सूचीतील Levels उघडून Green घटकाची खालची मर्यादा ७० व वरची ९५ करावी. २५ पायऱ्यांचा पल्ला पूर्ण २५५ पर्यंत ताणला जाऊन दोष सुमारे दहापट मोठे दिसतात. आयताची कड दिसली, तर आधाररंग पुन्हा मोजावेत. आडवे पट्टे दिसले, तर नॉइज अपुरा आहे. अक्षरांची छाया दिसली, तर आयत लहान घेतला गेला आहे. परीक्षा झाल्यावर ती प्रत टाकून द्यावी.

ही रीत प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडत नाही. छायाचित्रातील आकाश कोपऱ्यांकडे गडद होत जाते आणि त्याची चालही एकसारखी नसते. तेथे दोन रंगांचे संक्रमण लांब पल्ल्यावर चुकते, लहान पट्टीपुरते मात्र चालू शकते. मूळ चित्रात मुळीच रवाळपणा नसून पायऱ्या स्पष्ट असतील, तर केवळ मधला भाग नितळ केल्याने तोच वेगळा दिसतो. अशा वेळी संपूर्ण पार्श्वभूमी नव्याने भरणे श्रेयस्कर. शेवटची सावधगिरी साठवणीची आहे. कमी गुणवत्तेच्या जेपेगमध्ये साठविल्यास बारीक रवाळपणा प्रथम नष्ट होतो आणि मोडलेल्या पायऱ्या पुन्हा प्रकट होतात. म्हणून छपाईस देण्याची प्रत पीएनजी स्वरूपातच ठेवावी. नॉइजमुळे तिचा आकार वाढेल. परंतु नितळ दिसणाऱ्या पार्श्वभूमीसाठी एवढी किंमत द्यावीच लागते.