नाडीचे टप्पे आणि घरातील चाल

घरातल्या घरात भरभर चालण्यास आरंभ करणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'किती वेगाने?' पावले मोजून याचे उत्तर मिळत नाही. कारण एकच वेग एकास सोपा तर दुसऱ्यास जड जातो. हृदयावर भार किती पडला, हे नाडी सांगते. ती कशी वाचावी, हे आम्ही आमच्या एका सहशिक्षिकेच्या उदाहरणाने मांडीत आहोत. त्यांचे वय 52.

सकाळी उठताच, चहापूर्वी, त्यांनी मनगटावर अंगठ्याच्या बाजूस तर्जनी व मध्यमा ठेवून एक मिनिट ठोके मोजले. (अंगठ्याने मोजू नये, त्याचे स्वतःचे ठोके जाणवून घोटाळा होतो.) तीन दिवसांची सरासरी 76 आली. ही विश्रांतीची नाडी. 220 मधून वय वजा करता 168 ही अंदाजे कमाल नाडी. दोहोंतील अंतर 92. त्याचे 40 टक्के म्हणजे 37 आणि 60 टक्के म्हणजे 55. हे 76 मध्ये मिळविले की 113 आणि 131 असे आकडे येतात. 113 च्या खाली सौम्य टप्पा, 113 ते 131 मध्यम आणि त्यावर तीव्र. नवशिक्याने मध्यम टप्प्यात चालावे.

त्या पाच मिनिटे सावकाश आणि दहा मिनिटे भरभर चालल्या. थांबताच 15 सेकंद ठोके मोजले. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, म्हणून पूर्ण मिनिट मोजण्यात अर्थ नसतो. ठोके 28 ते 33 हवे होते, भरले 24. म्हणजे मिनिटाला 96. कारण खोलीतच होते: दर आठ पावलांनी भिंत येई आणि वळताना वेग मोडे. त्यांनी खुर्च्या मध्यभागी घेऊन भोवती फेरा धरला, हात कोपरात वाकवून हलविले. चौथ्या दिवशी ठोके 29 भरले.

त्यांच्या यजमानांनी मात्र पत्नीचाच आकडा उचलला. ते रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल घेतात. हे औषध नाडी वाढू देत नाही. 113 गाठण्यासाठी ते वेग वाढवीत राहिले आणि अखेर भोवळ येऊन खाली बसले. अशा औषधावर असणाऱ्यांना वरील सूत्र लागू पडत नाही; त्यांनी डॉक्टरांना विचारून मर्यादा ठरवावी.

इतरांनाही 220 चे सूत्र सरासरीचेच आहे. प्रत्यक्ष कमाल नाडी दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असू शकते. म्हणून आकड्यास श्वासाची साक्ष जोडावी. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तर तो मध्यम टप्पा. वाक्य तुटू लागले, तर वेग कमी करावा. छातीत दाब किंवा भोवळ जाणवली, तर आकडा काहीही असो, चालणे तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.