मोडलेला संसार आणि कलम १३

रेणापूर

चि. मनूस,



तू पाठवलेला अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. कच्चा आहे, पण तुझा हात चांगला बसतोय. सातव्या परिच्छेदाशी मात्र मी अडलो. तू लिहिलंस, ‘उभयतांचे वैवाहिक संबंध कायमचे तुटले असून ते पूर्ववत होणे अशक्य आहे, सबब घटस्फोट मंजूर व्हावा.’ वाक्य खरं आहे, गावातही सगळे हेच म्हणतील. पण लातूरच्या कोर्टात या वाक्यावर घटस्फोट मिळत नाही. त्याचं कारण नीट समजून घे, कारण अशाच एका अर्जात मीही वकिलीच्या दुसऱ्या वर्षी चूक केली होती.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ उघडून बस. व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, बरा न होणारा मनोविकार, संन्यास, सात वर्षं ठावठिकाणा नसणं अशी कारणं तिथे आहेत. ‘संसार उरला नाही’ हे कारण नाही. विधी आयोगाने १९७८च्या ७१व्या अहवालात आणि पुन्हा २००९च्या २१७व्या अहवालात ते घालावं असं सुचवलं. २०१० साली विधेयक आलं, २०१३ साली राज्यसभेने मंजूरही केलं, आणि लोकसभेची मुदत संपताच ते बारगळलं. त्यात तीन वर्षं वेगळं राहिल्यावर अर्ज करण्याची सोय होती, आणि घटस्फोटाने बायको आर्थिक संकटात पडणार असेल तर तिला विरोध करण्याचा हक्कही होता. तो हक्क असूनही बऱ्याच महिला संघटनांचा विरोध राहिला, आणि मला तो अजून पटतो. नवरा वर्षानुवर्षं पोटगी टाळतो आणि मग तेच ‘वेगळं राहणं’ दाखवून मोकळा होतो, असे लोक तूही पाहशील.

आता तुझ्या पक्षकाराची गोष्ट घेऊ. तो शिक्षक, लग्न २०१२चं, बायको २०१६ पासून माहेरी औशाला. मुलगा जन्मला २०१५ साली. तू चौथ्या परिच्छेदात क्रूरतेची घटना दिलीस ती २०१४ची, भर सणात सासऱ्यांसमोर अपमान आणि हात उगारणं. तारखा एकाखाली एक लिहून पाहा. घटना २०१४ची, मूल २०१५चं. म्हणजे घटनेनंतर ते नवरा-बायको म्हणून राहिलेत. समोरचा वकील उलटतपासणीत एवढं एकच विचारील, ‘मुलगा कधी झाला?’ आणि खाली बसेल. आपल्याच अर्जाच्या तिसऱ्या परिच्छेदात त्याचं उत्तर आहे.

दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला तू वाचला असशील, पण नुसता ‘क्रूरतेचा खटला’ म्हणून. पुन्हा वाच. पुण्यातलं १९५६चं लग्न, दोघंही शिकलेली, १९६१ साली वेगळी झाली. नवऱ्याने १९६२ साली अर्ज केला. पुण्याच्या पहिल्या कोर्टाने क्रूरता मान्य केली, जिल्हा न्यायालयाने ती फिरवली, उच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूडांनी सांगितलं, बायकोची वागणूक क्रूरतेत बसते, आणि ती सिद्ध करायला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा नको, संभाव्यतेचं पारडं पुरेसं आहे. आणि तरीही नवरा हरला. कारण त्या वागणुकीनंतरही दोघांचे शरीरसंबंध सुरू होते, म्हणजे त्याने तिला माफ केलं होतं. वेगळं होऊन चौदा वर्षं झाली होती. तो संसार जिवंत आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. पण कायद्याला विचारायचा प्रश्न तो नव्हताच.

तुझ्या सातव्या परिच्छेदाचं उत्तर याच निकालात आहे.

मग ‘मोडलेला संसार’ या कारणावर घटस्फोट कोण देतं? फक्त सर्वोच्च न्यायालय. राज्यघटनेच्या कलम १४२खाली, संपूर्ण न्याय करण्यासाठी. शिल्पा शैलेश विरुद्ध वरुण श्रीनिवासन या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १ मे २०२३ रोजी, म्हणजे नेमकं महाराष्ट्र दिनी, हे स्पष्ट केलं. दुसरा जोडीदार नको म्हणत असला तरी हा अधिकार वापरता येतो. मात्र तो पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाचा विवेक आहे. किती काळ एकत्र राहिले, वेगळं होऊन किती वर्षं झाली, आरोप काय, समेटाचे प्रयत्न किती, मुलं आणि पैशांची स्थिती काय, हे सगळं पाहिलं जातं. वेगळं राहण्याचा काळ सहा वर्षांहून जास्त असेल तर ती महत्त्वाची बाब धरली आहे. आणि घटनेच्या कलम ३२खाली किंवा २२६खाली थेट अर्ज करून हे मागता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. आपल्या पक्षकाराची नऊ वर्षं झालीत, पण त्याला लातूर आणि औरंगाबाद खंडपीठ ओलांडून दिल्ली गाठावी लागेल. तिथेही खात्री नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका ८९ वर्षांच्या नवऱ्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. बायको ८२ वर्षांची होती, तिने सांगितलं की घटस्फोटितेचा शिक्का घेऊन मला मरायचं नाही. संसार दशकांपूर्वी मोडला होता. तरी न्यायालयाने तिच्या भावनेला मान दिला. मला तो निकाल थोडा भावुक वाटतो, पण विवेक म्हणजे हेच, कधी इकडे कधी तिकडे.

आता खालच्या कोर्टात काय करता येतं ते सांगतो. क्रूरतेचा अर्थ आता पूर्वीइतका अरुंद राहिलेला नाही. समर घोष विरुद्ध जया घोष (२००७) या निकालात मानसिक क्रूरतेची जी उदाहरणं दिलीत, त्यात दीर्घकाळ सतत वेगळं राहणं हेही एक आहे. ते दोघं साडेसोळा वर्षं वेगळे होते. राकेश रमण विरुद्ध कविता (२०२३) मध्ये पंचवीस वर्षं वेगळं राहणं आणि एकमेकांवरच्या तक्रारी हे सगळं मिळून क्रूरता मानली. तेव्हा तुझा ‘संबंध तुटले’ हा परिच्छेद काढू नकोस, त्याची जागा बदल. तो कारण म्हणून नाही, क्रूरतेचा भाग म्हणून येऊ दे. नऊ वर्षांत कोण कोणाला भेटलं, कोणी बोलणं टाळलं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर सही कोणी नाकारली, हे तारखेनिशी लिही. २०१४ची घटना एकटी टिकणार नाही. तिच्यानंतरच्या वर्षांनी तिला धार येईल.

परित्याग मांडायचा विचार असेल तर एक सावधगिरी. समोरून येणारं हमखास वाक्य तुला पाठ असायला हवं : ‘मी नांदायला तयार आहे.’ कैफियतीत हे लिहिलं की परित्यागाच्या इराद्याची बाजू लंगडी पडते, कारण घर सोडणं पुरेसं नाही, परत न येण्याचा मनसुबा दिसावा लागतो, आणि तोही अर्जाआधी सलग दोन वर्षं. मी पक्षकाराला पहिला प्रश्न हाच विचारायचो, ‘तू तिला आणायला गेला होतास का?’ बहुतेक उत्तर यायचं, ‘नाही, ती स्वतः गेली.’ मग गावकीच्या बैठकीचा साक्षीदार, पाठवलेली नोटीस, तिची पोच, जे असेल ते शोध.

तिसरा मार्ग कलम ९चा, म्हणजे आपल्याकडे ज्याला नांदायला येण्याचा दावा म्हणतात. हुकूम मिळाला आणि एक वर्षभर सहवास झाला नाही, तर कलम १३(१अ) खाली दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतं, दोषही सिद्ध करावा लागत नाही. वाचायला किल्ली सापडल्यासारखं वाटतं. पण कलम २३ दारात उभं आहे, स्वतःच्या चुकीचा फायदा घेऊ देणार नाही. १९७७च्या धर्मेंद्र कुमार खटल्यात हुकूम न पाळणं एवढंच ‘चूक’ मानलं नाही; पण हिराचंद मनगावकर विरुद्ध सुनंदा या २००१च्या खटल्यात विभक्तीच्या हुकमानंतर नवऱ्याने पोटगी दिली नाही आणि दुसऱ्या बाईशी संबंध सुरूच ठेवले, म्हणून त्याला घटस्फोट नाकारला. तुझ्या शिक्षकाने गेली पाच वर्षं पोटगी दिलीय का? मसुद्यात ते कुठेच नाही. पगाराची पावती आणि बँकेचं पासबुक मागव.

माझी ती जुनी चूक अशी. पक्षकाराचा संसार पक्का मोडलेला होता, पण कायद्यातलं कारण सापडत नव्हतं. मी ‘बायकोने जेवणात काहीतरी कालवलं’ असा आरोप लिहून दिला. सासू साक्षीला उभी राहिली, उलटतपासणीत ‘काय कालवलं’ यावर अडखळली, आणि खरी साक्षही त्यात वाहून गेली. वर खोट्या आरोपाने उलट तिच्यावरच क्रूरता केली, हे मला नंतर कळलं.

तुझ्या पक्षकाराचे भाऊ शंभराच्या बाँडवर काडीमोड लिहून नोटरी करू म्हणतायत, हेही कळलं. त्यांना थांबव. रूढीने होणाऱ्या काडीमोडीला कलम २९(२)चं संरक्षण आहे, पण त्या जातीत ती रूढी आहे हे अर्जात मांडून पुराव्याने सिद्ध करावं लागतं. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला (२००२) यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. नुसत्या कागदावर त्याने दुसरं लग्न केलं तर द्विभार्येचा गुन्हा त्याच्याच गळ्यात येईल.

खरं सांगू? यातली सगळ्यात सोपी वाट तू मसुद्यात एका ओळीत उडवलीस, ‘सामनेवाली संमतीस तयार नाही.’ का तयार नाही? तिला घटस्फोट नको आहे, की पोटगीचा आकडा, स्त्रीधनाची भांडी-दागिने आणि मुलाचा ताबा ठरलेला नाही? बऱ्याचदा दुसरंच असतं. ते ठरलं तर कलम १३ब उघडं आहे. वेगळे राहून वर्ष झालेलं असावं लागतं, ते नऊ पटीने झालंय. सहा महिन्यांचा थांबाही अमरदीप सिंगच्या २०१७च्या निकालानंतर खालचं कोर्ट माफ करू शकतं. फक्त दुसऱ्या अर्जापर्यंत दोघांची संमती टिकायला हवी, कोणालाही ती मागे घेता येते. म्हणून पैसे एकदम आधी हातात देऊ नका आणि सगळे शेवटीही ठेवू नका, निम्मे पहिल्या अर्जाला, निम्मे दुसऱ्याला.

गुरुवारी त्याला घेऊन माझ्याकडे ये. येताना तिने पाठवलेली पत्रं, पगाराच्या पावत्या आणि मुलाचा शाळेचा दाखला आणायला सांग. अर्ज त्याआधी दाखल करू नकोस.

तुझा
मामा